सात शीट्स, बारा किलो बर्फ

एप्रिल लागला की साकोली-तुमसरकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. काउंटरवर तीन नमुने पडलेले असतात. थर्मोकोलची पांढरी शीट, पिवळट ग्लासवूलचा गुंडाळा आणि चांदीचा कागद लावलेला फोम. कुणाला मासळीसाठी बर्फाची पेटी करायची असते, कुणाला टिनाच्या छपराखाली थर लावायचा असतो. गिऱ्हाईक तिन्हींवर हात फिरवून विचारतं, "भाऊ, यातलं जास्त थंड कोणतं ठेवते?" दुकानदार बहुतेक वेळा महागाकडे बोट दाखवतो.

खरं सांगायचं तर प्रश्नच चुकलेला आहे. थंड ठेवायच्या ताकदीत या तिघांमध्ये फारसा फरक नाही. कोरडे, न दबलेले आणि सारख्या जाडीचे असतील, तर तिघंही जवळपास सारखीच उष्णता अडवतात. पुस्तकी भाषेत त्यांचा उष्णतावाहकतेचा आकडा ०.०३५ ते ०.०४० च्या आसपास येतो. याचं कारण सोपं आहे. अडवायचं काम ना प्लास्टिक करतं ना काच, ते काम आत कोंडलेली हवा करते. थर्मोकोलमध्ये हवा मण्यांत बंद असते, ग्लासवूलमध्ये काचेच्या केसांत अडकलेली असते आणि फोममध्ये बुडबुड्यांत. हलू न शकणाऱ्या हवेचा आकडा ०.०२६ आहे, पाण्याचा ०.६. म्हणजे हवेच्या जागी पाणी शिरलं की त्या जागेतून उष्णता वीसपटीहून जास्त वेगानं पळते.

म्हणून विचारायचं ते एवढंच, की ही हवा कोण बिघडवणार? बर्फाच्या पेटीत ती पाणी बिघडवतं. टिनाच्या छपराखाली ऊन, आग आणि पावसाळ्यातला घाम. शत्रू बदलला की निवड बदलते. पेटीला जे उत्तम, ते छपराला वाईट ठरू शकतं.

आधी पेटी घेऊ, कारण तिथे हिशोब किलोत मांडता येतो.

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांतली मासळी आठवडी बाजारात न्यायची, तर सकाळी धरलेला रोहू-कतला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकवावा लागतो. समजा पंधरा किलो मासळी आहे आणि बर्फाच्या कारखान्यातून बारा किलो फोडलेला बर्फ आणला. हे सगळं मावायला आतून ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी पेटी पुरते. ती साधारण चाळीस लिटरची होते.

बर्फ दोन ठिकाणी खर्च होतो. पहिला खर्च मासळी गार करण्याचा. तीस अंशांच्या आसपास असलेली पंधरा किलो मासळी शून्याजवळ आणायला जवळजवळ पाच किलो बर्फ वितळतो. हा खर्च पेटी कितीही भारी असली तरी टळत नाही. दुसरा खर्च भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेचा, आणि जाडीचा प्रश्न इथेच येतो. मे महिन्यात सावलीतलं दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३६ अंश धरलं, तर या मापाच्या पेटीत एक इंची थर्मोकोलमधून चोवीस तासांत अकरा किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता आत येते. दोन इंचीतून साडेसहा किलोची, चार इंचीतून पावणेचार किलोची.

आता बारातून पाच वजा करा. हातात सात किलो उरले. एक इंची पेटीत ते पंधरा-सोळा तासांत संपतात, म्हणजे रात्रीच पाणी होतं. दोन इंचीत ते कसेबसे दुसऱ्या सकाळपर्यंत पुरतात, पण झाकण चार वेळा उघडलं की तेवढंही नाही. चार इंचीत दुसऱ्या सकाळी तीन किलो बर्फ शिल्लक असतो. जाडी दुप्पट केली की गळती अगदी निम्मी होत नाही, कारण पेटी बाहेरून मोठी होते आणि ऊब शिरायला जागाही वाढते. चार इंचांच्या पुढे गेलं तर फायदा थोडा आणि मोटरसायकलवर लादायची अडचण मोठी.

हाच हिशोब ग्लासवूलला किंवा चांगल्या फोमलाही लागू आहे, कारण आकडा तोच. तरी पेटीत ग्लासवूल घालू नये. पेटीच्या आत शून्य अंश असतं आणि बाहेर गरम हवा. पावसाळ्यात या हवेत एवढी वाफ असते की पंचवीस अंशांच्या भांड्यालाही घाम फुटतो. ती वाफ सांध्यासांध्यांतून आत शिरते आणि आतल्या गार पत्र्याच्या पाठीवर पाणी होऊन बसते. ग्लासवूल हे पाणी पिते, खाली बसते आणि वरची जागा मोकळी सोडते. दोन्ही बाजूंनी पत्रा असल्यामुळे ती वाळतही नाही. महिन्याभरात पेटी कुबट वास मारू लागते, आणि मासळीच्या पेटीत तो वास लवकर ओळखूही येत नाही.

फोमबद्दल बोलायचं तर आधी फोम कोणता, ते ठरवावं लागतं. दुकानात एकाच नावानं तीन वेगळ्या वस्तू मिळतात. गादीचा स्पंज, टीव्हीच्या खोक्यातला पांढरा मऊ फोम, आणि चांदीवाला चिवट फोम ज्याला दुकानदार एक्सएलपीई म्हणतात. ओळखायला तुकडा तोंडाशी धरून जोरात फुंकर मारा. फुंकर आरपार गेली तर तो स्पंज, त्याच्या बुडबुड्यांची दारं उघडी असतात आणि तो पाणी पितो. तो पेटीत नको, छपरातही नको. बाकीचे दोन्ही बंद बुडबुड्यांचे आहेत. ते चालतात, पण बहुधा पाच ते पंचवीस मिलिमीटर जाडीत मिळतात. चार इंच भरायला थरावर थर लावावे लागतात आणि खर्च वाढतो. पेटीत त्यांची खरी जागा झाकणाखाली आहे, कडेला लावायच्या मऊ पट्टीसाठी.

राहिला थर्मोकोल. त्याचे मणी बंद असतात, तो पाणी फार हळू पितो आणि कडक असल्यामुळे भिंतीसारखा उभा राहतो. पण सगळा थर्मोकोल एक नाही. मखराला आणि पॅकिंगला वापरतात तो अगदी हलका असतो. पेटीला घनमीटरला वीस किलो घनतेचा घ्यावा. दुकानदार 'वीस डेन्सिटी' म्हणून काय देईल याचा भरवसा नाही, म्हणून शीट शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. एक मीटर बाय अर्धा मीटर, दोन इंची शीट वीस घनतेची असेल तर अर्धा किलो भरते. पंधरा घनतेची पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि अडीचशे भरली तर ती मखराची समजावी. दुसरी खूण म्हणजे कोपरा मोडून पाहणे. चांगल्या शीटमध्ये मणीच मधोमध तुटतात. वाईट शीटमध्ये अख्खे मणी सुटून हाताला चिकटतात. अशा शीटमध्ये मण्यांच्या मधून पाणी शिरतं.

चार इंचांसाठी चार इंची शीट घेऊ नये, दोन इंचीचे दोन थर द्यावेत. एकाच जाड थरात सांधा आरपार असतो आणि त्या फटीतून हवा थेट आतबाहेर करते. दोन थरांत सांधे एकमेकांवर येऊ न दिले की ती वाट बंद होते. वरच्या मापाच्या पेटीला मीटर बाय अर्ध्या मीटरच्या सात शीट्स पुरतात, फक्त कापायचा क्रम नीट हवा. आतल्या थराचा तळ आणि झाकण ५५ बाय ४०, लांब बाजू ४५ बाय ३०, आखूड बाजू ४० बाय ३०. बाहेरच्या थराचा तळ आणि झाकण ६५ बाय ५०, लांब बाजू ६५ बाय ४०, आखूड बाजू ४० बाय ४०. बाहेरचे तळ-झाकण दोन शीट्समधून निघतात आणि त्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून आतल्या आखूड बाजू. आतले तळ-झाकण आणखी दोन शीट्समधून, त्यांच्या उरलेल्यांतून आतल्या लांब बाजू. बाहेरच्या लांब बाजूंना एकेक शीट, आणि शेवटच्या शीटमधून बाहेरच्या दोन्ही आखूड बाजू.

बाहेरच्या भिंतींची उंची ४० ठेवली आहे ती मुद्दाम. त्यामुळे झाकणाचा आतला थर बाहेरच्या भिंतींच्या मध्ये खाली बसतो आणि वरचा थर त्यांच्यावर. झाकणाला आपोआप पायरी पडते. सपाट झाकणाच्या पेटीत बर्फ सगळ्यात आधी कुठे वितळतो हे पाहायचं असेल, तर कडेची रांग पाहावी. आतल्या थराला झाकणाखाली पट्टी लावायची, तर पाच-सहा मिलिमीटरचा मऊ फोम लावा. त्याहून जाड लावला तर झाकण वर उचललं जातं आणि पट्टी असूनही फट राहते.

चिकटवताना सगळ्यात जास्त शीट्स वाया जातात. सनमायका-रेक्झिनला लावतात तो उग्र वासाचा पिवळा डिंक थर्मोकोलला लागला की शीट डोळ्यांदेखत खाली बसते आणि खड्डे पडतात. पेट्रोल, थिनर आणि बऱ्याच स्प्रे पेंटांचंही तेच. पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक चालतो, पण दोन शीट्सच्या मध्ये हवा लागत नसल्यामुळे वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर वर विटा ठेवाव्यात. डब्यातून फवारायचा पीयू फोम पटकन धरतो आणि फटीही भरतो, फक्त तो फुगतो, म्हणून हात आखडता ठेवावा. कोणताही डिंक आधी टाकाऊ तुकड्यावर लावून दहा मिनिटं थांबावं.

आतून प्लास्टिकचा टब किंवा साधा जस्ती पत्रा लावा, कोपरे सिलिकॉननं बंद करा. मासळी वितळलेल्या पाण्यात बसली की पोटाकडून मऊ पडते, म्हणून तळाला किंचित उतार देऊन कोपऱ्यात अर्ध्या इंचाची नळी काढावी आणि तिला बूच ठेवावं. बूच नसलेली नळी म्हणजे गार हवेला खालून दिलेलं दार. गार हवा जड असते, ती खालून वाहून जाते आणि वरून गरम हवा तिची जागा घेते.

बाहेरून प्लास्टिकचा जाड कागद सलग गुंडाळावा, सांधे टेपनं बंद करावेत आणि त्यावर प्लायवूड. हा कागद बाहेरच हवा. वाफ बाहेरून आत येते, तिला दारातच अडवायचं असतं. कागद आतल्या बाजूला लावला तर वाफ थर्मोकोलमधून आत येऊन त्याच कागदाच्या पाठीवर पाणी होते.

पेटी झाली की दोन गोष्टी कराव्यात. रात्री आत टॉर्च पेटवून ठेवा, झाकण लावा आणि बाहेरचा दिवा बंद करा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. मग रिकामी पेटी तोलून वजन झाकणाच्या आत पेनानं लिहून ठेवा. वर्षभरानं तीच पेटी कोरडी करून तोलली आणि दोन किलो जास्त भरली, तर भिंतीत पाणी शिरलंय हे कळायला ती उघडायची गरज नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक फुकटची सोय आहे. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, तर मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्याचं पाणी झपाट्यानं उडतं आणि बाहेरची कातडी बरीच गार राहते. त्रेचाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी ओलं गोणपाट पंचवीसच्या आसपास उतरू शकतं. गोणपाट सतत ओलं ठेवलं तर भिंतीतून होणारा बर्फाचा खर्च तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी होतो. वाळ्याच्या कूलरचंच हे काम आहे, म्हणून जुलैत ते चालत नाही. बाहेरचा प्लास्टिक कागद फाटका असेल तर मात्र गोणपाट लावूच नका.

आता छप्पर. इथे पाण्याचा नंबर दुसरा, तापाचा पहिला.

दहा बाय बाराची टिनाची खोली घ्या. मे महिन्यात दुपारी टिन ६५ अंशांच्या वर जाऊ शकतं. खोलीत ३८ अंश असले तर ते टिन खाली बसलेल्या माणसांवर दोन हजार वॅटच्या शेगडीएवढी उष्णता ओतत असतं. खाली दोन इंची थर लावला, मग तो तिघांपैकी कोणताही असो, की ती दोनशे वॅटच्या आसपास येते. इथवर तिघांमध्ये भांडण नाही.

पण थर्मोकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. तापलेल्या टिनाला चिकटवला तर तो वितळणार नाही, मात्र हळूहळू आकसतो, सांध्यात फट पडते आणि उंदीर तिथे वाट काढतात. त्याहून मोठी भीती आगीची. थर्मोकोल पेटतो, वितळतो आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. चूल असलेल्या, छपरातून वायर ओढलेल्या घरात उघडा थर्मोकोल लावणं माझ्या मते सरळ चूक आहे. आग लवकर न धरणारा एफआर प्रतीचा थर्मोकोलही जिप्सम किंवा सिमेंटच्या बोर्डाआडच हवा.

चांदीच्या पातळ फोमची गोष्ट गमतीची आहे. दहा मिलिमीटरचा फोम स्वतः फार उष्णता अडवत नाही, त्याची चांदी अडवते. चकचकीत पृष्ठ खाली खोलीकडे असेल, तर ते तापूनही फारशी उष्णता फेकत नाही आणि खोलीत पावणेतीनशे वॅटच्या आसपासच येतात. दोन इंची थराच्या जवळपास काम होतं. अट एवढीच की चांदी चकचकीत राहिली पाहिजे. खाली चूल असेल तर एका हिवाळ्यात ती काजळीनं काळी पडते आणि आकडा साडेसहाशेच्या वर जातो. चांदी टिनाकडे तोंड करून चिकटवली तर तिचा उपयोग शून्य, समोर हवेची पोकळी नसेल तर चांदी म्हणजे नुसता कागद. म्हणून झोपायच्या खोलीला चांदीवाला फोम चालेल, सैपाकघराला नाही.

सैपाकघराला आणि एकूणच टिनाला ग्लासवूल बरी. ती पेटत नाही आणि टिनाच्या तापाला तिला काही होत नाही. दोन इंची, २४ घनतेची, एका बाजूला फॉइल असलेली घ्यावी. तिचं वजन चौरस मीटरला सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे अख्ख्या खोलीला तेरा-चौदा किलो. टिनाखालच्या आडव्या पाइपांना खालून जाळी किंवा फुटाफुटावर जस्ती तार ओढायची आणि तिच्यावर पट्टे बसवायचे, फॉइल खाली. पट्टा पाइपावर दाबून दोन इंचाचा एक इंच करू नका. दाबली गेलेली ग्लासवूल म्हणजे विकत घेतलेली हवा हातानं बाहेर काढणं. काम करताना पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल, डोळ्याला चष्मा. काचेचे केस अंगाला लागले तर चोळू नका, गार पाण्यानं धुवा आणि ते कपडे वेगळे धुवा.

ज्यांच्याकडे यातलं काहीच परवडत नाही, त्यांनी टिनावर फूटभर उंच मांडव करून तुराट्या किंवा तणस टाकावं. टिनावर ऊनच पडलं नाही तर ते एवढं तापत नाही. चुलीच्या धुराड्यापासून ते लांब ठेवावं आणि पावसाआधी उतरवावं, नाहीतर कुजतं.

पेटीच्या उलट, छपरात वाफ खालून वर जाते. पावसाळ्यात रात्री खोलीतली दमट हवा गार टिनाला भिडली की टिनाला घाम येतो आणि तो ग्लासवूलमध्ये झिरपतो. या वाफेला अडवायचं काम खालची फॉइल करते, म्हणून फॉइलचे सांधे ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद केलेच पाहिजेत. साधी चिकटपट्टी एका उन्हाळ्यात सुटते. ग्लासवूल बसवायच्या आधी, भर दुपारी खोली अंधारी करून टिनाकडे पाहा. ज्या स्क्रूपाशी उजेडाचा ठिपका दिसेल तिथला रबरी वॉशर गेलेला असतो.

श्रावणात एकदा खाट सरकवून छपराकडे नजर टाका. एखाद्या पट्ट्याला पोट सुटलेलं दिसलं, तर तिथे फॉइलला सुईनं टोचा. पाणी निघालं की तो पट्टा उतरवून उन्हात वाळवा आणि वाळल्यावर जाडी मोजा. पन्नास मिलिमीटरचे चाळीसच्या वर उरले असतील तर परत लावायला हरकत नाही. तीसच उरले असतील तर नवीन आणा, पण लावण्याआधी वरचा स्क्रू बदला.